कॅव्हिटी नंबर दोन पत्रात का नाही?

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी सातपूरला एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. चार वर्षं झाली. आम्ही ॲल्युमिनियमची हाउसिंग, म्हणजे बाहेरची आवरणं, मशीनवर कापून तयार करतो. चाकणच्या एका कंपनीत सप्लायर क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी अर्ज केला. माझं इंग्रजी यथातथाच, म्हणून जाहिरात आणि सीव्ही चॅटजीपीटीत टाकून कव्हर लेटर करून घेतलं. मला तर झकास वाटलं. नोटीस पिरियड विचारायला एचआरच्या मॅडमचा फोन आला, तेव्हा बोलता बोलता म्हणाल्या, “लेटर एआयचं आहे ना? या जागेला अशी बरीच आलीत.” त्यानंतर काहीच कळवलं नाही. त्यांच्याकडे हे ओळखायचं सॉफ्टवेअर असतं का? मित्र म्हणतो, मुद्दाम दोन-चार चुका ठेव, नाहीतर भाषा ‘माणसासारखी’ करून देणारं ॲप वापर. लेटर, जाहिरात आणि सीव्ही सोबत पाठवतोय. मी नेमका कुठे सापडलो?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: तिन्ही कागद वाचले. आधी सॉफ्टवेअरचं बोलू, कारण ती भीती एकदा गेली की पुढचं सोपं आहे. अशी सॉफ्टवेअर बाजारात आहेत, पण त्यांच्यावर फार विसंबता येत नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी 2023 मध्ये असं एक साधन आणलं आणि अचूकता कमी पडते म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये बंद केलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले निबंध त्यांना दिले, तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्राचे ठरले. साधे, ठरावीक शब्द दिसले की ही साधनं संशय घेतात, आणि आपण इंग्रजी शिकलेली माणसं नेमके तेच शब्द वापरतो.

म्हणजे तुम्ही स्वतः लिहिलं असतं तरी सॉफ्टवेअरने कदाचित तुम्हालाच पकडलं असतं. मुद्दाम चुका ठेवण्याचा सल्ला तर सोडूनच द्या. क्वालिटीच्या माणसाच्या पत्रात स्पेलिंग चुकलेलं दिसलं की मला पहिली शंका येते ती त्याच्या इन्स्पेक्शन रिपोर्टची. आणि ते ॲप शब्दांच्या जागी दुसरे शब्द घालेल, पण पत्रात जे मुळातच नाही ते कुठून आणेल?

त्या मॅडमना सॉफ्टवेअरची गरजच पडलेली नाही. एका जागेसाठी आलेली पत्रं त्या एकापाठोपाठ एक उघडतात, हे लक्षात घ्या. तुम्ही तुमचं एकच पत्र वाचलंत, म्हणून ते झकास वाटलं. तीच जाहिरात कितीतरी जणांनी त्याच यंत्रात टाकली आणि सगळ्यांची पत्रं त्याच सांगाड्याची निघाली. ‘आपल्या नामांकित संस्थेत अर्ज करताना मला अत्यंत आनंद होत आहे’ ही सुरुवात. मग जाहिरातीतल्या अपेक्षा, त्याच क्रमाने, फक्त प्रत्येकीच्या आधी ‘मला सखोल अनुभव आहे’ जोडलेलं. शेवटी कंपनीची मूल्यं आणि माझी मूल्यं कशी जुळतात ते. तुमच्या जाहिरातीत पाच अपेक्षा आहेत: पीपॅप, एट डी, सप्लायर ऑडिट, इतर विभागांबरोबर काम, संवादकौशल्य. पीपॅप म्हणजे पार्टला मंजुरी मिळवण्यासाठी सप्लायर ग्राहकाला सादर करतो ती कागदपत्रं, आणि एट डी म्हणजे दोषाचं मूळ शोधून तो थांबवण्याची ठरलेली पद्धत. तुमच्या पत्राच्या मधल्या परिच्छेदात या पाचही अपेक्षा त्याच क्रमाने येतात. स्वतःच्या कामाबद्दल लिहिणारा माणूस असं करत नाही. जे हातून झालंय त्यावर तो रेंगाळतो आणि जे फारसं केलेलं नाही ते एका वाक्यात उरकतो.

असं का होतं तेही सरळ आहे. यंत्राकडे दोनच कागद होते, जाहिरात आणि तुमचा सीव्ही. सीव्हीत तुम्ही ‘रिस्पॉन्सिबल फॉर’ने सुरू होणाऱ्या सात ओळी लिहिल्या आहेत. त्यातून तुमच्या शॉपमध्ये काय घडलं हे कुणालाच कळत नाही, यंत्राला कसं कळावं? मग उरलेली जागा ते जाहिरातीच्याच शब्दांनी भरतं. कंपनीला स्वतःचीच जाहिरात परत मिळते, खाली फक्त तुमचं नाव.

आता तुमच्या पत्रातल्या तीन जागा दाखवते.

पहिली: ‘प्रभावी गुणवत्ता उपाययोजनांद्वारे रिजेक्शन 30 टक्क्यांनी कमी केलं.’ सीव्हीत हा आकडा कुठेच नाही. यंत्राने तो स्वतःच घातला आणि तुम्ही राहू दिलात. ही ओळ विभागप्रमुखाच्या हाती पडली तर काय होईल ते पाहू. समजा तुमचं हाउसिंग महिन्याला 12,000 नग होतं. रिजेक्शन 4 टक्के असेल तर 480 नग. त्यात 30 टक्के घट म्हणजे 336 नग, म्हणजे 2.8 टक्के. की तुम्हाला 34 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आणलं असं म्हणायचंय? शिवाय वाहन उद्योगात रिजेक्शन टक्क्यांपेक्षा पीपीएममध्ये, दहा लाख नगांमागे किती, असं बोलतात. 2.8 टक्के म्हणजे 28,000 पीपीएम. एवढं रिजेक्शन उरलेलं असताना कुणी ते मिरवत नाही. ‘कुठल्या पार्टचं, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, आणि यात रीवर्क धरलंय का?’ हे मुलाखतीतले पहिले प्रश्न, आणि त्यांचं उत्तर तुमच्याकडे नाही. नुसतं गुळगुळीत वाक्य फार तर दुर्लक्षित होतं. हा आकडा मात्र तुम्हाला खोटं ठरवू शकतो, म्हणून तो पहिल्यांदा काढा.

दुसरी जागा: ‘नावीन्याची आवड आणि चौकटीबाहेर विचार करण्याची क्षमता.’ हे वाचून मला हसूच आलं. सप्लायर क्वालिटीचं रोजचं काम बरोब्बर उलटं असतं. मंजूर झालेल्या पद्धतीत सप्लायरने गुपचूप काही बदलू नये, यावर नजर ठेवायची. डाय नवी आली, मशीन दुसऱ्या शेडमध्ये हलवलं, कच्चा माल दुसरीकडून घेतला, तर आधी कळवायचं आणि गरजेप्रमाणे पीपॅप पुन्हा सादर करायचं, हा या धंद्याचा नियम. न सांगता ‘नावीन्य’ करणाऱ्या सप्लायरमुळेच या माणसाची रात्रीची झोप जाते. जाहिरात मार्केटिंगची असती तरी ते वाक्य यंत्राने असंच घातलं असतं, आणि जागेचं काम माहीत असणारा वाचणारा तिथेच ओळखतो की लिहिणाऱ्याला ते माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. पत्रात दिसत नाही, एवढंच.

तिसरी जागा पत्रात नाही, जाहिरातीत आहे. तिथे स्पष्ट लिहिलंय की सप्लायर ॲल्युमिनियम डायकास्टिंगचे आहेत, चाकण आणि वाळूजला, आणि महिन्यातले निम्मे दिवस फिरती आहे. जाहिरात लिहिणाऱ्याने हे हौसेने घातलेलं नाही. आधीचा माणूस बहुधा फिरतीला कंटाळून गेला असेल (हा माझा अंदाज, पण असं फार वेळा होतं). तुमच्या पत्रात फिरतीबद्दल एक अक्षर नाही. तुम्ही नाशिकला राहता, म्हणजे घर बदलणार की नाही, हा त्यांचा पहिला प्रश्न. त्याचंही उत्तर नाही. एचआरच्या तक्त्यात नाव आणि अनुभवाच्या पुढे रकाने असतात ते सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटीस पिरियड आणि ठिकाण यांचे. त्यांना तुम्हाला फोन का करावा लागला? नोटीस पिरियड विचारायला. चारशे शब्दांच्या पत्रात तेवढंच नव्हतं.

आता या उत्तराचा मुख्य भाग. तुमच्या सीव्हीच्या दुसऱ्या पानावर, तळाशी, संगणक कौशल्यांच्या जरा वर एक ओळ आहे: ‘हाउसिंग पोरोसिटी, कॅव्हिटीनुसार रिजेक्शनची नोंद, कास्टिंग सप्लायरबरोबर एट डी.’ या जागेसाठी तुमच्या सगळ्या कागदांतली सर्वांत मोलाची ओळ हीच आहे, आणि यंत्राने ती घेतलेलीच नाही. तिचं वजन त्याला कसं कळावं?

बाकीच्या वाचकांसाठी थोडं उलगडते. डायकास्टिंगमध्ये वितळलेलं ॲल्युमिनियम मोठ्या दाबाने पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये ढकलतात. एका डायमधून बऱ्याचदा एकावेळी दोन किंवा जास्त नग निघतात. प्रत्येक पोकळीला कॅव्हिटी म्हणतात आणि तिचा नंबर नगावर उठलेला असतो. साच्यातली हवा बाहेर जायला बारीक वाटा ठेवलेल्या असतात. त्या चोंदल्या की हवा धातूत अडकते आणि आत पोकळ्या राहतात. ही पोरोसिटी. वरून नग चांगला दिसतो, कारण डायला टेकलेला बाहेरचा पापुद्रा घट्ट असतो. मशीनवर तो पापुद्रा कापला गेला की भोकं उघडी पडतात. म्हणजे दोष कास्टिंगवाल्याचा, पण दिसतो मशीन शॉपमध्ये, आणि तोही नगावर मशीनिंगचा खर्च झाल्यावर.

इथे भांडण सुरू होतं. कास्टिंगवाला म्हणतो, “तुम्ही जास्त कापलंत.” त्याचं म्हणणं नेहमीच चूक नसतं. मशीनवर नग पकडून ठेवणाऱ्या फिक्श्चरमध्ये तो एका बाजूला सरकून बसला तर त्या बाजूने पापुद्र्याच्या आत कापलं जातं आणि एरवी झाकली राहिली असती अशी पोरोसिटी उघडी पडते. मशीन शॉप म्हणतं, “कास्टिंगचे पैसे तर द्याच, आमच्या मशीनिंगचेही द्या.” डेबिट नोट कुणाच्या नावे निघणार, हे ठरवायला पुरावा लागतो. नग कापून आत बघतात. भोक गोल आणि आतून गुळगुळीत असेल तर बहुधा अडकलेली हवा. वेडंवाकडं आणि खडबडीत असेल, आणि जाड भागात असेल, तर धातू थंड होताना आकसल्याने पडलेलं. आणि सगळ्यात स्वस्त पुरावा म्हणजे रिजेक्ट नग कॅव्हिटी नंबरप्रमाणे वेगळे लावणं. दोन्ही कॅव्हिटींचे नग एकाच फिक्श्चरवर, एकाच प्रोग्रामने मशीन होत असताना जवळपास सगळे रिजेक्ट दोन नंबरच्या कॅव्हिटीचे निघाले, तर बोट साच्याकडे जातं, मशीनकडे नाही.

तुम्ही हे केलंत. चाकणची ती कंपनी ज्यासाठी माणूस शोधतेय ते काम हेच, फक्त तिथे तुम्ही टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसाल. तिथला विभागप्रमुख ‘एट डी पद्धतीचं सखोल ज्ञान’ वाचून पुढच्या पत्राकडे जाईल. ‘रिजेक्ट नग कॅव्हिटीप्रमाणे वेगळे लावले’ हे वाचून मात्र थांबेल, कारण हे जाहिरातीतून उचलता येत नाही. पुढे काय झालं, हेही त्याला विचारावंसं वाटेल.

पत्र तपासायची माझी रीत हीच आहे. प्रत्येक वाक्यानंतर विचारा, समोरचा यावर पुढचा प्रश्न काय विचारेल? ‘मी मेहनती आणि टीममध्ये काम करणारा आहे’ यावर प्रश्नच सुचत नाही, वाक्य काढा. ‘30 टक्के’वर प्रश्न सुचतो पण उत्तर नाही, तेही काढा. कॅव्हिटीवर प्रश्न सुचतो आणि तुम्ही त्यावर दहा मिनिटं बोलू शकता, ते वर आणा. या चाळणीतून तुमचं सध्याचं पत्र घातलं तर तुमचं नाव, पद आणि कामाची वर्षं एवढंच उरतं.

खाली एक मसुदा देते. सीव्हीत नसलेला तपशील मी अंदाजाने भरलाय. तो तुमच्या नोंदींशी ताडून बदला आणि रिकाम्या जागी फक्त तुमच्या वहीतले आकडे घाला. आकडा सापडला नाही तर ते वाक्य आकड्याशिवाय लिहा. नंतर याचं साधं इंग्रजी करा.

> सप्लायर क्वालिटी इंजिनिअर (चाकण) या जागेसाठी अर्ज करत आहे. सातपूरच्या मशीन शॉपमध्ये चार वर्षं क्वालिटीला आहे. आम्ही बाहेरून आलेली ॲल्युमिनियम डायकास्टिंग मशीन करतो.
>
> गेल्या वर्षी एका हाउसिंगच्या बोअरमध्ये मशीनिंगनंतर पोरोसिटी दिसत होती आणि दोष कास्टिंगचा की मशीनिंगचा यावर वाद होता. मी रिजेक्ट नग कॅव्हिटीप्रमाणे वेगळे लावले. ___ पैकी ___ नग कॅव्हिटी 2 चे निघाले. फिक्श्चरमधली नगाची बैठक तपासली, ती बरोबर होती. नग कापून सप्लायरला दाखवले आणि त्यांच्याकडे जाऊन एट डी पूर्ण केला. त्यांनी डायमधल्या हवेच्या वाटा साफ करण्याचं वेळापत्रक बदललं. रिजेक्शन ___ महिन्यांत ___ वरून ___ पीपीएमवर आलं.
>
> पीपॅपची कागदपत्रं मी सप्लायरच्या बाजूने तयार केली आहेत, तपासणाऱ्याच्या बाजूने अजून काम केलेलं नाही. पूर्ण सप्लायर ऑडिट स्वतंत्रपणे केलेलं नाही, दोनमध्ये सहभागी होतो.
>
> महिन्यातले निम्मे दिवस चाकण-वाळूज फिरती चालेल. चाकणला राहायला येईन. नोटीस पिरियड ___ दिवस, सध्याचा पगार ___, अपेक्षा ___.

तिसरा परिच्छेद बघून तुम्ही बिचकाल. ‘केलेलं नाही’ हे अर्जात लिहायचं? लिहा. ऑडिटमध्ये तुम्ही सहभागी होतात की नाही हे मला माहीत नाही, जे खरं असेल ते लिहा. जाहिरातीतल्या पाचही अपेक्षा पूर्ण करणारा उमेदवार या पगारात मिळत नाही, हे विभागप्रमुखाला माहीत असतं. बाकीच्या पत्रांत प्रत्येकजण पाचही गोष्टींत सखोल आहे, त्यामुळे कुणाचंच काही खरं वाटत नाही. तुम्ही दोन गोष्टी नाहीत असं सांगितलंत की उरलेल्या तीन खऱ्या वाटतात. मात्र जी अपेक्षा जाहिरातीत ‘अनिवार्य’ म्हणून लिहिली आहे तीच नसेल, तर कितीही चांगलं पत्र उपयोगाचं नाही, ते लिहिण्यात संध्याकाळ घालवू नका.

इंग्रजीसाठी यंत्र वापरलंत तर मला काही वावगं वाटत नाही, आणि बऱ्याच कंपन्यांनाही वाटत नाही. जाहिरातीतच मनाई असेल तर मात्र पाळा. क्रम तेवढा उलटा करा. आधी वरचा मजकूर तुमच्या मराठी-इंग्रजी मिश्र भाषेत, शॉपमध्ये बोलता तसा लिहून काढा. मग यंत्राला सांगा की व्याकरण सुधार, वाक्यं छोटी ठेव, एकही नवा दावा, विशेषण किंवा आकडा घालू नकोस. तरी ते घालतंच. म्हणून आलेला मजकूर आणि तुमचा मूळ कागद शेजारी ठेवा आणि ओळीओळीने ताडा. ड्रॉइंगवरची मापं तपासता तसंच. जे मूळ कागदावर नाही ते खोडा. आणखी एक, ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, ड्रॉइंग यंत्रातही टाकू नका आणि पत्रातही लिहू नका. ‘दुचाकीच्या इंजिनचं हाउसिंग’ एवढं पुरतं. पत्रात ग्राहकाची माहिती सांडणारा माणूस उद्या आमचीही सांडेल, असं मनात येतं.

एक मर्यादाही सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही सगळा दोष पत्राला द्याल. कितीतरी ठिकाणी कव्हर लेटर कुणी उघडतच नाही. एचआर सीव्हीवरून रकाने भरतात आणि तुमचा नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा असेल तर तिथेच नाव बाजूला पडतं. तुमच्या बाबतीतही तसं झालेलं असू शकतं. म्हणून पत्र वेगळी फाइल करून जोडू नका, मेलच्या मजकुरातच लिहा, म्हणजे मेल उघडणाऱ्याच्या नजरेला पडतंच. मेलच्या विषयात पद, ठिकाण, अनुभव आणि नोटीस पिरियड असू द्या. आणि ती कॅव्हिटीची ओळ सीव्हीच्या पहिल्या पानावर, सध्याच्या नोकरीखाली पहिली आणा. ‘रिस्पॉन्सिबल फॉर’च्या सातपैकी चार ओळी काढल्यात की तिला जागा होईल.

त्याच कंपनीत पुन्हा विचारावं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असेलच. विचारा. जागा अजून दिसत असेल तर त्या मॅडमना त्याच मेलवर उत्तर द्या: ‘फोनवर विचारलेली माहिती आणि या कामाशी थेट जोडलेला अनुभव खाली देत आहे. शक्य असल्यास विभागप्रमुखांकडे पाठवावा.’ त्याखाली वरचा मजकूर. आधीच्या पत्राबद्दल खुलासा देत बसू नका, त्यांनी तो मागितलेला नाही. मेल मंगळवारी-बुधवारी सकाळी गेला तर बरं, सोमवारी बऱ्याच ठिकाणी आठवड्याच्या मीटिंगा असतात.